चौथा चौकोन

माझ्या मॉनिटरच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मी आधी तीन प्रश्न विचारते. कोणते गेम खेळता? खोलीत उजेड असतो की अंधार? आणि खेळत नसता तेव्हा पडद्यावर काय असतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक हौसेने देतात. तिसऱ्याला मात्र हमखास गडबडतात, आणि नेमका तोच प्रश्न महत्त्वाचा असतो. दिवसभर ऑफिसचे तक्ते उघडे ठेवणाऱ्याला मी ओलेड पडदा देत नाही, तो कितीही हट्टाला पेटला तरी. मग लोक म्हणतात, या बाईला धंदा कळत नाही. धंदा मला चांगला कळतो. सहा महिन्यांनी डाग पडलेला मॉनिटर उराशी धरून कोण रडत येतं आणि ते कुणाला ऐकावं लागतं, तेही कळतं.

त्या दुपारी आला तो बबडीचा घरमालक होता. बबडी म्हणजे माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. रक्त तपासायच्या लॅबमध्ये रात्रपाळीला असते. उन्हाळ्यापासून ती याच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली घेऊन राहत होती. खोली छपराखालची, एका भिंतीला मोठी गोल खिडकी. तेवढ्या खिडकीवर बाईसाहेब भाळल्या. "मावशी, गोल खिडकी आहे गं," हे मी त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकलं की शेवटी सामान लावायला मीच गेले. खोली खरंच छान होती. घरमालक तळमजल्यावर एकटाच राहायचा, चाळिशीचा असेल. नेट नीट मिळावं म्हणून वायफायचा डबासुद्धा त्याने स्वतःच आणून खिडकीसमोरच्या कपाटावर, अगदी छताला लावून बसवून दिला होता. बबडीला तो देवमाणूस वाटायचा. मला काय वाटायचं ते मी बोलले नाही, कारण बोलले असते तर "तुला सगळेच चोर दिसतात" हे ऐकावं लागलं असतं.

"मावशी, ओळखलंत ना?" दारातून आत येत तो म्हणाला. काखेत खोक्यात घातलेला मॉनिटर, एका कानात ते बिनवायरच्या इअरफोनचं पांढरं बोंडूक, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट. "तुमच्या भाचीने सांगितलं, मावशीकडेच जा म्हणून."

मी त्याची मावशी कधी झाले कुणास ठाऊक. तरी बसा म्हटलं.

त्याला जुना मॉनिटर देऊन नवा हवा होता. जुना होता ओलेड, मोठा, चांगल्या कंपनीचा. सव्वा-दीड वर्ष वापरला असेल. मी खोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "चांगला तर दिसतोय. मग बदलायचा कशाला?"

"थोडा डाग पडलाय. गेममधले ते आकडे असतात ना कोपऱ्यात, त्यांचा. म्हणून आता ओलेड नको."

यात काहीच नवल नव्हतं. ओलेडचं दुखणंच ते आहे. त्यात मागून दिवा लावलेला नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच्या जिवावर पेटतो. म्हणून काळं म्हणजे खरं काळं दिसतं, ठिपका चक्क विझतो. पण जो ठिपका रोज तासन् तास पेटलेला राहतो तो लवकर थकतो आणि मग बाजूच्यांपेक्षा मंद पडतो. जिथे सतत पांढरी अक्षरं होती तिथे त्याच अक्षरांची काळपट सावली राहते. मग पडद्यावर काहीही लावा, ती सावली खालून डोकावत राहते.

मी जुना मॉनिटर मागच्या खोलीत मिस्तरींकडे पाठवला. मिस्तरी माझ्याकडे पहिल्यापासून आहेत. बोलणं मोजकं, चष्मा कपाळावर. बदलीत आलेला प्रत्येक पडदा ते आधी करड्या रंगावर लावून बघतात. अख्खा पडदा एकसारखा फिका राखाडी करायचा, दिवे घालवायचे आणि बघायचं. रंगीत चित्रावर जे खपून जातं ते राखाडीवर उघडं पडतं.

तोवर मी याला प्रश्न विचारले. कोणते गेम? गोळीबाराचे. उजेड की अंधार? अंधार, खोली बंद करूनच खेळतो.

"आणि खेळत नसता तेव्हा?"

"तेव्हा बंदच असतो," तो झटकन म्हणाला.

अंधारात गोळीबाराचे गेम खेळणारा आणि एरवी पडदा बंद ठेवणारा माणूस म्हणजे ओलेडचं आदर्श गिऱ्हाईक. असल्या माणसाला डाग पडायला बराच काळ लागतो. मी तसं सांगितलंही. म्हटलं, हवं तर नव्या बनावटीचा ओलेड बघा, आता गरम कमी होतात, बंद केल्यावर स्वतःची सफाई स्वतः करतात.

"नको नको. ती सफाई मी दहा वेळा केली," तो हसला. "मला न जळणारा पाहिजे. म्हणजे समजा, दिवसभर एकच चित्र राहिलं, तरी चालेल असा."

"दिवसभर एकच चित्र कशाला राहील? बंद असतो म्हणालात ना?"

"समजा म्हटलं, मावशी."

त्याने मांडीवरचा फोन उलटा केला. मला ते खटकलं, पण गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये नाक खुपसायची सवय मला नाही. मी त्याला आयपीएस जातीचा पडदा दाखवायला उठले. आयपीएसमध्ये मागून दिवा असतो, म्हणून अंधारात काळं जरा राखी दिसतं, कोपऱ्यात धुरकट उजेड येतो. पण रंग छान, बाजूने बघितलं तरी बदलत नाहीत, आणि एकच चित्र महिनोन् महिने ठेवलं तरी असा कायमचा डाग पडत नाही. त्याच्या शेजारी व्हीए जातीचा होता. तो काळ्याच्या बाबतीत आयपीएसपेक्षा सरस, पण अंधाऱ्या दृश्यात काही जोरात हललं की मागे काळी शेपटी ओढतो. गोळीबाराच्या गेममध्ये शत्रू सावलीतून पळाला की नुसता चिखल दिसतो.

गेम खेळणारा माणूस इथे हमखास हुज्जत घालतो. शेपटी किती, हर्ट्‌झ म्हणजे पडद्याचा वेग किती, समोरचा माझ्या आधी गोळी घालेल का, असं सगळं. याने एकही प्रश्न विचारला नाही. फक्त व्हीएसमोर थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "अंधारातलं बारीक दिसतं का यात? म्हणजे कमी उजेडाच्या खोलीतलं?"

"गेममधल्या खोलीतलं ना?"

"हो, गेममधल्याच."

तेवढ्यात आतून मिस्तरींनी हाक मारली, "ताई, जरा आत या."

मिस्तरी मला कधी आत बोलवत नाहीत. वायर जळाली तरी ते आधी विझवतात आणि मग सांगतात.

मागच्या खोलीत दिवे बंद होते. टेबलावर त्याचा मॉनिटर, अख्खा राखाडी. मिस्तरींनी दार लोटलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"गेमचा डाग आहे म्हणाला ना तो?"

"हो."

"कुठाय?"

मी बघितलं. गेमचा डाग मी झोपेतही ओळखते. खाली खेळाडूच्या जिवाची पट्टी, कोपऱ्यात नकाशा, मधोमध नेम धरायची फुली. यात त्यातलं काहीही नव्हतं. पडद्याच्या मधोमध एक उजळ बारीक रेघ उभी आणि एक आडवी गेली होती, पडद्याचे चार सारखे चौकोन करून. उजळ, कारण त्या जागी कायम काळी रेघ असणार, ते ठिपके कधी थकलेच नव्हते. प्रत्येक चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात तारखेची आणि वेळेची काळपट सावली. आकडे बदलते असल्याने त्यांचा गिचमीड गोळा झाला होता, पण आकड्यांमधली दोन-दोन टिंबं स्पष्ट होती. खाली इंग्रजी अक्षरांत नावं. एकाखाली गेट, दुसऱ्याखाली जिना, तिसऱ्याखाली गच्ची.

"कॅमेऱ्यांचा पडदा आहे हा," मिस्तरी म्हणाले. "दिवसरात्र चालू होता."

"असेल. घराला लावले असतील कॅमेरे. लोक लावतात."

"चौथ्याला नाव नाही, ताई."

चौथा चौकोन खाली उजवीकडे होता आणि चारांत तोच सगळ्यात जास्त जळालेला. जळालेला भाग बघताना मनात उलटं करावं लागतं, फोटोच्या जुन्या निगेटिव्हसारखं. जे पडद्यावर उजळ होतं ते आता काळपट दिसतं. मी उलटं करत गेले. वरून, छताजवळून बघितल्यासारखी एक खोली. समोरच्या भिंतीवर एक मोठं काळपट वर्तुळ, म्हणजे तिथे रोज लख्ख उजेड असायचा. वर्तुळाच्या खाली एक लांबट चौकट.

गोल खिडकी.

मी ती खोली झाडली होती. त्या खिडकीला पडदा मी शिवून दिला होता, आणि तो लावायचा बबडीने आळस केला म्हणून मी तिला झापलंही होतं. मी मनातल्या मनात खिडकीसमोरच्या भिंतीकडे वळले. तिथे कपाट, कपाटावर छताला लावून ठेवलेला वायफायचा डबा.

"ही बबडीची खोली आहे," मी म्हटलं.

मिस्तरींनी मान वर केली नाही. "आत्ता कुठे असेल ती?"

आत्ता ती त्याच पलंगावर झोपलेली असणार होती. रात्रपाळी करून सकाळी घरी येते, दुपारभर झोपते. आणि बाहेर माझ्या दुकानात तो माणूस मांडीवर फोन घेऊन बसला होता.

मी फोन काढला तसा मिस्तरींनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"असल्या कॅमेऱ्यांना आवाजही येतो, ताई. आणि हे सगळं फोनवर दिसतं. ती कॅमेरा शोधायला लागली तर त्याला लगेच कळेल."

बाहेर पळत जाऊन त्याची गचांडी धरावी असं मला वाटत होतं. माझा स्वभाव तसाच आहे. पण त्याच्या खिशात त्या घराची किल्ली होती, आणि हातातून सुटला असता तर तो माझ्या आधी तिथे पोचला असता. बबडी आधी बाहेर यायला हवी होती, तोही इथे बसलेला असताना. निरोप लिहून पाठवला असता तर तो तिने संध्याकाळी उठल्यावर वाचला असता. म्हणून फोनच लावला. बराच वेळ वाजला.

"काय गं मावशी," झोपेतला आवाज आला.

"बबडे, माझ्या छातीत दुखतंय," मी म्हटलं. "दुकानात आहे. तू ये."

"छातीत? छातीत दुखतंय?" ती ताडकन उठून बसली असणार, पलंग कुरकुरला. "घाम आलाय का? डावा हात दुखतोय? मिस्तरीकाका कुठायत? अगं, हॉस्पिटलला जा आधी!"

"तू आल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही. आहेस तशी ये. कपडे बदलत बसू नकोस, रिक्षा कर."

"कपडे नको बदलू म्हणजे? मी गाऊनमध्ये आहे!"

"वरून कोट घाल!" मी खेकसले, आणि माझं ते खेकसणं ऐकून तिला माझ्या छातीची फार काळजी वाटायला नको होती. पण वाटली. रडवेल्या आवाजात आलेच म्हणाली आणि फोन ठेवला.

"पोलिसांना लावा," मी मिस्तरींना सांगितलं. "हळू बोला. आणि याची वायर काढू नका, हा पडदा आता कुणाच्या हातात द्यायचा नाही."

मी तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि बाहेर आले. दार मी नीट ओढून घेतलं होतं. आत मी काय बोलले ते बाहेर ऐकू येणं शक्यच नव्हतं. दुकानात चार डेमो पडद्यांवर गेमचे आवाज चालू होते.

तो तसाच बसला होता. मान जरा कलती, बोंडकाच्या कानाच्या बाजूला. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर काळजी आली. अगदी खरी वाटावी अशी काळजी.

"मावशी, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" तो म्हणाला. "छातीत दुखतंय?"

त्या क्षणापर्यंत मनाच्या एका कोपऱ्यात मी स्वतःला समजावत होते की गोल खिडक्या काय, कुठेही असतात. तो कोपरा तिथेच संपला. छातीचं ते बबडी तिच्या खोलीत बोलली होती, आणि ते त्या बोंडकातून त्याच्या कानात पोचलं होतं.

बोलून गेल्यावर त्यालाही ते कळलं. चेहरा तसाच राहिला, फक्त डोळे माझ्यावरून मागच्या दाराकडे गेले.

"ॲसिडिटी," मी म्हटलं. "या वयात होतंच. तुम्हाला कसं कळलं?"

"चेहऱ्यावरून."

"हुशार आहात. बरं, आपण कुठे होतो? व्हीए."

आणि मी तोंडाचा पट्टा सोडला. लोक माझ्या बडबडीला कंटाळतात, बहीण तर हात जोडते. त्या दिवशी तीच माझ्या कामाला आली. मी त्याला व्हीएच्या तीन जाती सांगितल्या, ज्यातली एक मी तिथल्या तिथे बनवली. आयपीएसच्या कोपऱ्यातला उजेड कसा मोजायचा, वाकडा पडदा चांगला की सरळ, टेबलाची उंची, खुर्चीचं अंतर, सगळं. जुन्या टीएन पडद्यांचासुद्धा इतिहास काढला, जे वेगवान होते पण जरा खालून बघितलं की रंग उलटे करायचे आणि आता कुणी घेत नाही. तो हूं हूं करत होता. मधेच फोन सरळ करायचा, बघायचा, उलटा ठेवायचा. एकदा त्याने बोटांनी चित्र मोठं केलं. माझी जीभ बोलत राहिली आणि मी आतून देवाला शिव्या घालत होते.

"मावशी," त्याने मला मधेच तोडलं. "राहू द्या. मी विचार बदलला. जुनाच परत द्या."

"अहो, असं कसं? आत्ता तर आयपीएस ठरला."

"जुनाच बरा आहे. डागाची सवय झाली मला. द्या आणून, की मी आत जाऊन घेऊ?"

तो उठला. उभा राहिला की बराच उंच होता. मी काउंटरच्या फटीत उभी राहिले, म्हणजे माझ्या अंगावरून गेल्याशिवाय त्याला आत जाता आलं नसतं.

"आत सफाई लावलीय त्याला," मी म्हटलं. "मोठी सफाई. मधेच वायर काढली तर पडदा बिघडायची भीती. तासभर लागतो, तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही दहा वेळा केलीय."

हे ऐकून तो थांबला. सफाई चालू आहे म्हणजे सावली आणखी पुसट होणार, असा त्याचा हिशेब असावा. तिथेच तो पहिल्यापासून चुकला होता. मॉनिटरच्या सेटिंग्ज त्याने कोऱ्या केल्या असतील, आणि त्या सफाईवर भिस्त ठेवून पडदा खुशाल माझ्याकडे आणला. सफाई काय करते? कोणता ठिपका किती थकलाय ते तपासते आणि जमेल तेवढं सांभाळून घेते. थकलेल्या ठिपक्यांत ती जीव परत घालत नाही. रंगीत गेममध्ये त्याला डाग दिसेनासा झाला म्हणजे गेला असं त्याला वाटलं. राखाडीवर त्याने कधी बघितलंच नव्हतं.

"पडदा लावून बघितलात का?" त्याने अगदी हळू विचारलं.

"अजून नाही. सफाईनंतर बघतात."

"काय दिसतं त्यात?"

"डाग. तुमचे गेमचे आकडे."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. दोघांनाही माहीत होतं, दोघंही साळसूद. माझ्या मागे मिस्तरी दारात येऊन उभे राहिल्याचं मला त्यांच्या चपलांवरून कळलं. त्याने फोनकडे बघितलं, आणि या वेळी उलटा करायचं विसरला. पडद्यावर रिकामा पलंग होता. चादर अर्धी खाली लोंबत होती, आणि त्यावर गोल खिडकीचा उजेड पडला होता.

ती निघाली होती.

"खोली छान ठेवलीय तिने," तो म्हणाला. आवाज खालचा, जवळजवळ प्रेमळ. "तुम्ही जुना मॉनिटर ठेवा, मावशी. मला काय करायचाय. नुसता डाग आहे, त्यावरून कोण काय सांगणार?"

त्याने कानातलं बोंडूक काढलं, डबीत ठेवलं, डबी खिशात घातली आणि गेला. पायरी उतरताना माझ्या दारावरची घंटा वाजू नये म्हणून त्याने ती हाताने धरली. असल्या बारीक गोष्टी त्याच्या हातात होत्या.

मला त्याच्या मागे धावायचं होतं. मिस्तरींनी शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, "पोलीस म्हणतात तक्रार घेऊन या, मॉनिटरही आणा. गाडी बोलावलीय."

"तो घरी जाऊन सगळं काढून टाकेल."

"टाकू दे. हे कुठे काढेल?"

बबडी आली ती गाऊनवर कोट घालून, पायात दोन वेगळ्या चपला. शटरखालून वाकून आत आली आणि मला उभी बघून आधी गळ्यातच पडली, मग माझी नाडी धरली, मग भडकली. "धडधाकट आहेस तू! मी रिक्षात रडत आलेय, मावशी! रिक्षावाला मला पाणी देत होता!"

"रड, हवं तेवढं रड," मी म्हटलं आणि तिला घट्ट धरून ठेवलं. ती सुटायला बघत होती आणि मी सोडत नव्हते. ती माझ्या हाताखाली, माझ्या दुकानात, जिवंत होती. मला त्या क्षणी दुसरं काही नको होतं.

मग सांगावं लागलं. शब्दांनी सांगायला लागले तर ती हसली. "काहीतरीच काय, घरमालक दादा असे नाहीत." म्हणून मी तिला मागच्या खोलीत नेलं. मिस्तरींनी दिवा घालवला. मी बोट लावून उलटं कसं वाचायचं ते सांगितलं. ही खिडकी. ही उजळ रेघ म्हणजे चौकोनांमधली काळी पट्टी. हा खिडकीखाली तुझा पलंग, पांढऱ्या चादरीमुळे डाग पडलेला.

तिने कोटाची बटणं वरपर्यंत लावली. रडली नाही. लॅबमध्ये काचेवरचं रक्त बघते तशी पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"मावशी, हे दुसरं काय आहे?"

"कुठे?"

"हे. भिंतीला लागून."

मी ते बघितलं नव्हतं. खिडकीवरून नजर हलली नव्हती माझी. दाराशेजारच्या भिंतीलगत आणखी एक लांबट चौकट होती, पलंगाच्याच मापाची. उशीच्या जागेचा तुकडासुद्धा वेगळा कळत होता. आणि ती खिडकीखालच्या चौकटीपेक्षा कितीतरी जास्त काळी होती.

"पलंग सरकवला असशील तू," मी म्हटलं. "आधी तिथे असेल."

"मी नाही सरकवला. मी आले तेव्हापासून तो खिडकीखालीच आहे. तूच नाही का चादर घातलीस?"

घातली होती. मीच घातली होती, खिडकीखाली.

मिस्तरींनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. जास्त काळं म्हणजे जास्त दिवस, हे त्या खोलीत मला आणि मिस्तरींना सांगायला नको होतं, आणि बबडी आमच्या तोंडाकडे बघूनच समजली. एक उन्हाळा आणि एक पावसाळा राहून तिचा डाग एवढा पडला होता. भिंतीजवळ झोपणारी कुणीतरी त्याहून खूप जास्त दिवस राहिली होती.

"पण खोली नवीनच बांधली म्हणाले होते ते," बबडी म्हणाली. "माझ्या आधी तिथे कुणी राहिलंच नाही म्हणाले."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मिस्तरींनी वायर काढली, पडदा काळा झाला, आणि त्यांनी तो जुन्या चादरीत गुंडाळायला घेतला. बबडीने दुसऱ्या बाजूने धरला.

"सांभाळून धरा, काका," ती म्हणाली. "तीही आहे यात."